शेअर वर गेला तरी कॉल तोट्यात? प्रीमियममधली गळती अशी शोधा

मावसभावाचा फोन दुपारी आला. "दादा, शेअर पंधरानं वर आहे आणि माझा कॉल लाल दाखवतोय. ॲप गंडलंय का?" ॲप ठीक होतं. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर खरेदीचा भाव, आताचा भाव आणि उरलेले दिवस असे तिन्ही आकडे दिसत होते. त्यातला तिसरा त्यानं पाहिलाच नव्हता. हीच तक्रार मी वेगवेगळ्या लोकांकडून इतक्यांदा ऐकली आहे, आणि सुरुवातीच्या दिवसांत स्वतःही केली आहे, की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. लक्षण नेहमी तेच असतं. दिशा बरोबर, पण पैसे कमी. पुटवाल्यांचंही, म्हणजे शेअर विकायचा हक्क घेणाऱ्यांचंही, तसंच: भाव पडला, पण पुट हवा तेवढा वाढला नाही.

खालचं उदाहरण त्याच्याच सौद्यावरून घेतलं आहे, फक्त आकडे गोल केलेत. शेअर 1000 वर होता. त्यानं 1020 स्ट्राइकचा कॉल घेतला, म्हणजे शेअर 1020 ला विकत घ्यायचा हक्क. एक्सपायरीला, म्हणजे तो हक्क संपायला, 20 दिवस होते आणि हक्काची किंमत, म्हणजे प्रीमियम, 10.5 पडला. चौदा दिवसांनी शेअर 1015 वर आला आणि कॉल 8.1 वर. आकडे ब्लॅक-शोल्सच्या सूत्रानं काढलेत. इंप्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे शेअर किती डुलेल याचा प्रीमियममध्ये दडलेला बाजाराचा अंदाज, थोडक्यात आयव्ही, पूर्ण वेळ 20 टक्के धरली आहे, व्याज आणि लाभांश शून्य. तुमच्या स्क्रीनवर आकडे वेगळे असतील, पण गळतीचा आकार हाच असतो.

पहिली तपासणी: प्रीमियम फोडून बघा

प्रीमियम हा एक आकडा दिसतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. एक इंट्रिन्सिक व्हॅल्यू: या क्षणी हक्क वापरला तर हातात काय पडेल तेवढी. दुसरी टाइम व्हॅल्यू: उरलेलं सगळं. स्प्रेडशीटमध्ये शेअरचा भाव B1 मध्ये, स्ट्राइक B2 मध्ये आणि प्रीमियम B3 मध्ये टाका:

```
कॉलची इंट्रिन्सिक:  =MAX(B1-B2,0)
पुटची इंट्रिन्सिक:  =MAX(B2-B1,0)
कॉलची टाइम:       =B3-MAX(B1-B2,0)
```

मावसभावाच्या कॉलवर हे लावलं की पहिला धक्का बसतो. खरेदीच्या दिवशी शेअर 1000, स्ट्राइक 1020. इंट्रिन्सिक शून्य. म्हणजे त्यानं दिलेले 10.5 पूर्णच्या पूर्ण टाइम व्हॅल्यू होते. चौदा दिवसांनी शेअर 1015 वर गेला, तरी स्ट्राइक अजून पाचनं वरच. इंट्रिन्सिक तेव्हाही शून्य, आणि 8.1 सुद्धा सगळी टाइम व्हॅल्यू. "शेअर वर गेला" हे खरं असलं तरी त्या वर जाण्यातला एक पैसाही अजून इंट्रिन्सिकमध्ये जमा झालेला नव्हता. त्यानं विकत घेतली होती फक्त वेळ, आणि वीसपैकी चौदा दिवसांची वेळ वापरून संपली होती.

आकडे बरोबर वाचतोय का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. व्याज आणि लाभांश बाजूला ठेवले तर एकाच स्ट्राइकच्या, एकाच एक्सपायरीच्या कॉल आणि पुटमध्ये टाइम व्हॅल्यू सारखीच असते. 1020 चा कॉल 10.5 ला असेल तर त्याच स्ट्राइकचा पुट 30.5 च्या आसपास हवा, कारण त्यात इंट्रिन्सिक 20 आहे. दोघांत फार तफावत दिसली तर बहुतेक तुम्ही शेवटचा व्यवहार झालेला भाव बघताय, आणि तो सौदा दोन तासांपूर्वीचा आहे. ज्या स्ट्राइकमध्ये उलाढाल कमी, तिथे घेणाऱ्याची बोली आणि विकणारा मागतो तो भाव यांच्या मधला आकडा घेऊन हिशेब करा. बरेचदा "टाइम व्हॅल्यू निगेटिव्ह दिसतेय" अशी घाबरलेली विचारणा येते, त्यातली बहुतेक या शिळ्या भावामुळे असतात. खरोखरची निगेटिव्ह टाइम व्हॅल्यू अगदीच नसते असं नाही. एक्सपायरीआधी हक्क वापरता येत नाही अशा युरोपियन प्रकारात, खूप खोल इन द मनी गेलेल्या, म्हणजे मोठी इंट्रिन्सिक असलेल्या, पुटमध्ये, स्ट्राइकची रक्कम उशिरा मिळणार म्हणून व्याजाइतकी घट दिसते. ती मात्र बिघाड नाही.

दुसरी तपासणी: दिशेनं किती दिलं, वेळेनं किती नेलं

आता 10.5 पासून 8.1 पर्यंतची 2.4 ची घट. ही एकच घट नाही, एक जमा आणि एक वजावट आहे. दोन्ही वेगळ्या काढायची पद्धत अशी: ऑप्शन कॅल्क्युलेटरमध्ये दिवस 20 च ठेवायचे आणि फक्त शेअरचा भाव 1015 करायचा. उत्तर 16.6 येतं. म्हणजे हीच पंधराची चढण पहिल्याच दिवशी झाली असती तर कॉल 16.6 चा झाला असता. दिशेनं दिले 6.1. मग भाव 1015 ठेवून दिवस 20 चे 6 करायचे. 16.6 वरून 8.1. वेळेनं नेले 8.5. निव्वळ उणे 2.4.

हे गणित मी भावाला फोनवरच सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझा अंदाज चुकला नाही, फक्त उशीर झाला?" नेमकं तेच. अंदाजाला त्याचे सहा मिळाले, उशिराचं भाडं साडेआठ लागलं.

फोडणी क्रमानं करा, आधी भाव मग दिवस किंवा उलट. क्रम बदलला की दोन्ही भाग थोडे हलतात, कारण एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो, पण बेरीज तीच राहते. एकदा एक क्रम ठरवला की सगळ्या सौद्यांना तोच लावा, नाहीतर दोन सौद्यांची तुलना होणार नाही.

वेळ एकसारखी का वितळत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

शेअर अगदी स्ट्राइकवर उभा आहे, म्हणजे ऑप्शन ॲट द मनी आहे, असं धरा. मग प्रीमियमचा ढोबळ अंदाज एका ओळीत येतो:

```
≈ 0.4 × शेअरभाव × आयव्ही × √(उरलेले दिवस / 365)
```

1000 चा शेअर, 20 टक्के आयव्ही. 30 दिवस उरले असताना 22.9, वीस उरले की 18.7, दहा उरले की 13.2, पाच उरले की 9.4, एक उरला की 4.2. मग शून्य. पहिल्या दहा दिवसांत गेले 4.2, आणि शेवटच्या एका दिवसातही गेले 4.2. दहा दिवसांइतकी झीज एका दिवसात. कारण वर्गमुळात आहे: वेळ चौथाई उरली की टाइम व्हॅल्यू अर्धी उरते. तीस दिवसांच्या ऑप्शनमध्ये साडेसात दिवस उरले तेव्हा अजून 11.5 शिल्लक असते, आणि ती पुढच्या एका आठवड्यात संपते.

वर्गमूळ का, हेही बघण्यासारखं आहे. शेअर रोज थोडा वर थोडा खाली डुलत असतो आणि एका दिवसाचा डोल दुसऱ्या दिवसाच्या डोलाशी जुळतोच असं नाही, काही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून चार दिवसांत भाव एका दिवसाच्या चौपट लांब जात नाही, साधारण दुप्पट जातो. ऑप्शनची टाइम व्हॅल्यू म्हणजे एक्सपायरीपर्यंत भाव किती लांब जाऊ शकेल याची किंमत, तेव्हा तीही त्याच मापानं आकसते. हे ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांच्या 1973 च्या कामाच्या खूप आधी, 1900 साली, लुई बाशलिए यांनी पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात मांडलं होतं. शंभराहून जास्त वर्षं हे माहीत आहे आणि तरी दर महिन्याला लोक त्याच शेवटच्या आठवड्यात ॲट द मनी कॉल घेऊन बसतात. मीही त्यात होतो, म्हणून हसत नाही.

पण "शेवटच्या आठवड्यात झीज वाढते" हे वाक्य सगळ्या ऑप्शनना लागू नाही, आणि हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. ते फक्त स्ट्राइकच्या जवळच्या ऑप्शनचं खरं आहे. लांबच्या आउट ऑफ द मनी ऑप्शनची झीज आधीच होऊन जाते. त्याच शेअरचा 1080 चा कॉल तीस दिवसांना साधारण 2.5 ला असतो. शेअर हललाच नाही तर पंधरा दिवस उरले तेव्हा तो 0.5 च्या खाली गेलेला असतो. अर्ध्या वेळेत ऐंशी टक्के साफ. ॲट द मनी कॉल त्याच काळात 22.9 वरून 16.2 ला आला, म्हणजे जेमतेम तीस टक्के गेले. लांबच्या कॉलमध्ये शेवटच्या आठवड्यात वितळायला काही उरलेलंच नसतं. "स्वस्त आहे, एक्सपायरीच्या आधी बघू" म्हणून लांबचा स्ट्राइक महिनाभर धरून ठेवणारा माणूस झीज शेवटी येईल असं समजून बसतो, आणि ती पहिल्या पंधरवड्यातच होऊन गेलेली असते.

खूप इन द मनी ऑप्शनमध्येही टाइम व्हॅल्यू थोडीच असते. त्यामुळे टाइम व्हॅल्यूचा आलेख स्ट्राइकपाशी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असा तंबूसारखा दिसतो. भावाच्या कॉलचं एक गमतीचं दुर्दैव यातच दडलं होतं. खरेदीच्या वेळी शेअर स्ट्राइकपासून वीसनं लांब होता. वर चढत चढत तो स्ट्राइकच्या जवळ आला, म्हणजे तंबूच्या शेंड्याजवळ, आणि तोही नेमका एक्सपायरीच्या आठवड्यात. सुरुवातीला रोज 0.43 झिजत होते, सहा दिवस उरले तेव्हा 0.85 झिजायला लागले.

तिसरी तपासणी: थीटा भागिले डेल्टा

माझ्या वहीत प्रत्येक खरेदीपुढे हा एक आकडा असतो. बहुतेक ऑप्शन चेनमध्ये डेल्टा आणि थीटा दाखवतात. डेल्टा म्हणजे शेअर एकनं वर गेला तर प्रीमियम किती वाढेल. थीटा म्हणजे बाकी काही न बदलता एक दिवस गेला तर किती घटेल. थीटा उणे चिन्हासह दाखवतात, ते चिन्ह सोडून द्या. तो रोजचा आहे की वर्षाचा, हे मात्र बघून घ्या. काही कॅल्क्युलेटर वर्षाचा देतात, त्याला 365 नं भागावं लागतं.

थीटाला डेल्टानं भागलं की शेअरनं रोज किती चढायला हवं, म्हणजे प्रीमियम फक्त जागेवर राहील, ते कळतं. भावाच्या कॉलचा खरेदीचा डेल्टा 0.34 होता, थीटा 0.43. भागाकार साधारण सव्वा. रोज सव्वा, तोही सुट्टीच्या दिवसांसकट. चौदा दिवसांना साडेसतरा. शेअर चढला पंधरा. म्हणजे तोटा होणार हे फोन यायच्या दोन आठवडे आधी कळण्यासारखं होतं. हा अंदाज ढोबळ आहे, कारण डेल्टा आणि थीटा दोन्ही वाटेत बदलतात. सहा दिवस उरले तेव्हा डेल्टा 0.43 आणि थीटा 0.85 झाला, म्हणजे जागेवर राहायलाच रोज दोन हवेत. पण नको तिथे पाय टाकण्याआधी थांबवायला इतकं पुरतं.

शनिवार-रविवारचा प्रश्न हमखास येतो. सूत्र कॅलेंडरचे दिवस मोजतं, पण सोमवारी सकाळी तीन दिवसांची झीज एकदम दिसतेच असं नाही. सुट्टी येणार हे विकणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे बरीचशी घट शुक्रवारीच भावात उतरलेली असते.

थीटासारखा दिसणारा पण थीटा नसलेला तोटा

निदानात इथे हमखास चूक होते. एका रात्रीत प्रीमियम धाडकन पडला, शेअर जवळजवळ तिथेच, आणि लोक म्हणतात "टाइम डिके खाल्ला." एका रात्रीचा थीटा किती होता ते आधी बघा. भावाच्या कॉलमध्ये तो 0.43 होता. एका रात्रीत 3.5 गेले असते तर वेळेवर आळ घेता आला नसता.

ते काम आयव्हीचं असतं. कंपनीचे निकाल किंवा मोठा निर्णय जाहीर व्हायचा असतो तेव्हा आयव्ही फुगलेली असते, आणि बातमी आली की ती बसते. याच कॉलमध्ये वीस दिवस उरलेले असताना आयव्ही एक टक्क्यानं हलली तर प्रीमियम 0.86 नं हलतो. वीसची सोळा झाली की जवळपास 3.4 गेले. आठ दिवसांची झीज एका रात्रीत. दोन्ही तोटे टाइम व्हॅल्यूमधूनच जातात, इंट्रिन्सिकला हात लागत नाही, म्हणून दिसायला सारखे. पण औषध वेगळं आहे. थीटाचा तोटा रोज ठराविक, आधी मोजता येणारा. आयव्हीचा तोटा बातमीच्या दुसऱ्या दिवशी एकदम. म्हणून प्रत्येक सौद्याची नोंद करताना प्रीमियमशेजारी त्या दिवसाची आयव्ही लिहून ठेवा. ती नोंद नसेल तर नंतर गुन्हेगार ओळखता येत नाही.

मग उपाय काय

वेळ थांबवता येत नाही. कोणती वेळ आणि किती वेळ विकत घ्यायची, एवढंच हातात असतं. भावाच्या परिस्थितीतच, त्याच दिवशी, त्याच एक्सपायरीचे तीन कॉल घेतले असते तर काय झालं असतं ते बघा. कंसात आधी इंट्रिन्सिक, मग टाइम व्हॅल्यू.

| स्ट्राइक | 20 दिवस, शेअर 1000 | 6 दिवस, शेअर 1015 | फरक |
|---|---|---|---|
| 960 | 44.8 (40 + 4.8) | 55.1 (55 + 0.1) | +10.3 |
| 1000 | 18.7 (0 + 18.7) | 19.5 (15 + 4.5) | +0.8 |
| 1020 | 10.5 (0 + 10.5) | 8.1 (0 + 8.1) | −2.4 |

शेअर तोच, चढण तीच, दिवस तेच. 960 च्या कॉलनं वेळेसाठी फक्त 4.8 दिले होते, तेव्हा गमवायलाही तेवढेच होते. बाकी चढण थेट इंट्रिन्सिकमध्ये जमा झाली. शेअर हळू पण नक्की चढेल असं वाटत असेल तर इन द मनी कॉल घ्या, असं लोक सांगतात ते यामुळेच.

पण हे फुकट नाही, आणि ते सांगताना लोक इथेच गप्प होतात. 44.8 गुंतवले आहेत. शेअर पंधरानं वर जाण्याऐवजी पंधरानं पडून 985 ला आला असता तर सहा दिवस उरताना 960 चा कॉल साधारण 27 चा झाला असता, तोटा जवळपास 18. 1020 चा कॉल घेणाऱ्याचा तोटा काहीही झालं तरी 10.5 च्या पुढे जात नाही. टाइम व्हॅल्यू हा त्या मर्यादेचा हप्ता आहे. त्यामुळे भाव झटक्यात, दोन-तीन दिवसांत उडेल असा अंदाज असेल तर 1020 चा कॉल चुकीचा नाही. चुकीचं आहे ते "कधीतरी वर जाईल" या अंदाजावर तो घेणं.

दुसरा मार्ग म्हणजे टाइम व्हॅल्यू घेतानाच थोडी विकायची. 1020 चा कॉल 10.5 ला घ्या आणि 1040 चा 5.4 ला विका. निव्वळ खर्च साधारण 5.1. चौदा दिवसांनी शेअर 1015 वर असताना 1020 चा 8.1 आणि 1040 चा 2.4, जोडी 5.7 ची. नुसता कॉल 2.4 नं तोट्यात, जोडी साधारण 0.6 नं नफ्यात, कारण विकलेल्या पायाची झीज आपल्या बाजूनं चालली. बदल्यात 1040 च्या वर कितीही गेलं तरी जोडीची किंमत 20 वर थांबते. एकट्या विकलेल्या कॉलसारखा उघडा धोका यात नाही, पण दोन्ही पाय एकत्र उघडा आणि एकत्र बंद करा. खरेदीचा पाय आधी विकून मोकळा झालेला आणि विकलेला पाय उघडा राहिलेला सौदा मी पाहिला आहे, आणि ती संध्याकाळ पुन्हा नको.

तिसरा मार्ग सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी: घेतानाच विकायची तारीख लिहून ठेवायची. चार दिवसांत हललं नाही तर बाहेर, किंमत काहीही असो. आपण स्टॉप लॉस भावावर लावतो, वेळेवर लावत नाही, आणि ऑप्शनमध्ये गळती वेळेतून होते. लांबची एक्सपायरी घेऊन ती संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच बाहेर पडणं हाही याचाच प्रकार आहे. त्यात उताराचा सपाट भाग वापरता आणि कडा दुसऱ्याला देता. दिवसाला झीज कमी लागते, पण हातातून जाणारी रक्कम मोठी असते आणि आयव्ही पडली तर फटकाही मोठा बसतो.

एक गोष्ट करू नका. एक्सपायरीआधी हक्क वापरता येतो अशा अमेरिकन प्रकाराच्या ऑप्शनमध्ये नफा दिसला की लोक हक्क वापरून मोकळे होतात. हक्क वापरला की फक्त इंट्रिन्सिक मिळते, उरलेली टाइम व्हॅल्यू तिथेच सोडून दिली जाते. 1000 चा कॉल 19.5 ला विकला जात असताना तो वापरला तर पदरात 15. साडेचार आपल्याच हातानं फेकले. कॉलमध्ये आधी हक्क वापरायचं मुख्य कारण एकच, मोठा लाभांश तोंडावर असणं. एरवी ऑप्शन बाजारात विका.

भावाचं पुढे काय झालं

त्यानं विचारलं, "आता विकू की थांबू?" मी उत्तर दिलं नाही, आकडे दिले. शेअर 1015 वरच राहिला तर त्याचा 8.1 चा कॉल तीन दिवस उरले की 5.1, एक दिवस उरला की 2.2, आणि शेवटी शून्य. एक्सपायरीपर्यंत धरून घातलेले पैसे परत हवेत तर शेअर 1030.5 ला पोचायला हवा, म्हणजे सहा दिवसांत आणखी साडेपंधरा. आधीच्या चौदा दिवसांत तो पंधराच चढला होता.

"आणि 1022 ला गेला तर? स्ट्राइकच्या वर तर असेल."

"मग एक्सपायरीला टाइम व्हॅल्यू शून्य, इंट्रिन्सिक दोन. साडेदहा घालून दोन."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "इन द मनी जाऊनही साडेआठचा तोटा?" हो. इन द मनी जाणं आणि नफ्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यामध्ये तुम्ही दिलेला अख्खा प्रीमियम उभा असतो.

त्यानं अर्धे 8.1 ला विकले आणि अर्धे ठेवले. ठेवलेल्या अर्ध्यांसमोर वहीत लिहिलं: तीन दिवस उरताना शेअर 1020 च्या वर नसेल तर विकायचे. नसला. 4.6 ला विकले.